कान्याचं बटण

सुनेच्या परीक्षेला सहा दिवस राहिले होते आणि तिच्या लॅपटॉपवर काना उमटेना. बाकी सगळी अक्षरं उमटत होती, एकटा काना तेवढा रुसला होता. मराठी टायपिंगमध्ये काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली येतो, इंग्रजी के असतो त्याच बटणावर. तो गेला म्हणजे फक्त काना जात नाही. आमच्या टायपिंगमध्ये श, ण, ख, भ, ध ही अक्षरं आधी अर्धी मारायची आणि मग काना मारून पुरी करायची असतात. त्यामुळे तिच्या पडद्यावर सगळी ओळच अर्धवट, लंगडत चाललेली दिसत होती.

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. आयुष्यभर टायपिस्ट म्हणून काढल्यामुळे मला न बघताही कळतं, कोण चुकतंय आणि कोण अडतंय. तिची बोटं चालायची, मग एकच बटण तीन-चारदा ठकठक वाजायचं, मग शांतता. पुन्हा बोटं, पुन्हा तेच बटण. माझ्या हातातलं कणकेचं भांडं मी दोनदा उचललं आणि दोनदा तिथेच ठेवलं. माझा स्वभाव असाच आहे. दुसऱ्याचं काम अडलेलं मला बघवत नाही, मग ते माझ्या आवाक्यातलं असो वा नसो.

ही परीक्षा साधी नव्हती. माझा मोठा मुलगा तालुक्याच्या एका कचेरीत कारकून होता. छातीत कळ आली आणि तासाभरात गेला. त्याच्या जागी सुनेला अनुकंपेवर नोकरी लागली, पण अट अशी की दिलेल्या मुदतीत मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र आणायचं. मिनिटाला तीस शब्द. नाही आणलं तर नोकरी संपली. ती एकदा बसली होती आणि थोडक्यात राहिली होती. मुदतीच्या आत ही शेवटचीच संधी. तिने रजा घेतली होती आणि मुलाच्याच लॅपटॉपवर सकाळ-संध्याकाळ सराव करत होती. इन्स्टिट्यूटमध्ये दिवसाचा एकच तास मिळायचा, तेवढ्याने काय होतं?

आता जे सांगायचं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. ती नोकरी मला माझ्या धाकट्या मुलासाठी हवी होती. तो बी.ए. होऊन मालेगावला एका कृषी केंद्रात खताच्या गोण्या मोजत बसला होता. सून काय, उद्या माहेरी निघून जाईल, असं मला चार जणी सांगत होत्या आणि मी ऐकत होते. ना-हरकतीचा कागद माझ्या सहीसाठी तीन आठवडे कपाटावर पडून होता. मी सही केली, पण त्या तीन आठवड्यांत सून माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि मीही तिला काही विचारलं नाही. आमच्या वस्तीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

तर काना. सुनेने तिला ठाऊक होतं ते सगळं केलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. मग पडद्यावरच बटणांचं चित्र आणलं आणि माउसने त्यातल्या के वर टिचकी मारली. काना छान उमटला.

"म्हंजे आतलं बरोबर हाय," ती स्वतःशीच म्हणाली. "हे बटनच खराब हाय."

मग लॅपटॉप बंद करून उताणा धरला आणि हळूहळू हलवला. खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर सोयाबीनचा भुसा पडला, चिमूटभर तरी. त्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशीच मळणीयंत्र चालू होतं, भुसा पोळीवरसुद्धा येऊन बसायचा. तिने रंगाच्या मऊ ब्रशने बटणांच्या फटी झाडल्या. काना उमटायला लागला. ती हसली, मीही पोळ्या लाटायला घेतल्या. दहा मिनिटांनी पुन्हा तीच ठकठक.

"आई, उद्या दुकानात नेतो मी. आज दुकान बंद हाय," ती म्हणाली.

"एक दिवस जाईन ना तुहा!"

"मंग काय करू? जोरात दाबून पाह्यलं, तरी नाई येत."

"जोरात कायले दाबतं? टाइपरायटर हाय का तो?"

हे मी म्हणाले. टाइपरायटर नव्हे, हे मीच तिला बजावलं. आणि दुपारी ती बाजारात गेल्यावर मी काय केलं ते ऐका.

मी टायपिंग शिकले ते सत्तरच्या दशकात, अकोल्याला मावशीकडे राहून. ज्या वर्षी आमच्या घरानं धम्म घेतला त्याच वर्षी माझा जन्म, आणि माझ्या वडलांनी ठरवूनच टाकलं होतं की पोरगी शेतात वाकणार नाही, खुर्चीवर बसेल. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये सात मशिनी होत्या आणि एकही धड नव्हती. दर शनिवारी सर आम्हाला तास संपल्यावर थांबवून घ्यायचे. रॉकेलात ब्रश बुडवून अक्षरांचे खिळे घासायचे, कापडाने पुसायचे, आणि ज्याचा दांडा वर जाऊन परत येत नाही त्याच्या सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एकच. दुसरा पडला की सर बोटांवर पट्टी मारायचे. पुढे नोकरीत तीस-बत्तीस वर्षं मी हेच केलं. कचेरीतल्या कुणाचीही मशीन अडली की माझ्याकडे यायची, आणि मी पर्समधून तेलाची बाटली काढायची. साहेबसुद्धा थट्टेने मला डॉक्टरीणबाई म्हणायचे.

तेव्हा बाकीचं सांगायला नको. घरात शिलाई मशीन होती, तिच्या खणात लाल टोपणाची बाटली होती. मी लॅपटॉप उघडला, ते बटण नखाने एका बाजूने किंचित उचललं आणि सुईच्या टोकावरून एक थेंब सोडला. मग बोटाने दहा-बारा वेळा दाबलं. लॅपटॉप सुरू केला, मराठी लावलं आणि मारून पाहिलं. काना, काना, काना. एकदाही चुकला नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटीच हसले.

सून आली. बसली. पाऊण तास तिने खंड न पडता टायपिंग केलं. "आपोआपच सुधारलं वाटते," ती म्हणाली.

आपण कौतुकाला भुकेले नाही असं दाखवायची मला खोड आहे. परीक्षा झाल्यावर सांगू, तेव्हा दोघी हसू, असं मनात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लॅपटॉप उघडला आणि मला हाक मारली. आवाज वेगळाच होता. पडद्यावर कानेच काने धावत होते, ओळीमागून ओळ, कुणी हात लावलेला नसताना. ते बटण आत बसलं होतं आणि वर येतच नव्हतं. तिने नखाने वर काढलं तर काने थांबले. पुन्हा दाबलं तर पुन्हा आत जाऊन चिकटलं आणि पुन्हा काने. काल निदान मधूनच एखादा यायचा. आता थांबायलाच तयार नव्हता.

मला लगेच कळलं. आतला भुसा आणि माझं तेल यांचा मिळून चिकट लगदा झाला असणार. टाइपरायटरचा सांधा उघडा असतो, तेल ओघळून जातं, कापडाने पुसता येतं. इथे ते जाणार कुठे?

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. मालेगावहून धाकटा. तिने फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवला, कारण तिच्या हातात लॅपटॉप होता.

"काय वहिनी, झाला का अभ्यास?"

"कायचा अभ्यास भाऊ, बटनच बिघडलं लॅपटॉपचं."

तो हसला. माझाच मुलगा, पण त्याला कधी काय बोलावं कळत नाही. "मंग आता मले तयारी करा लागते काय त्या खुर्चीची?"

त्याने थट्टा केली होती. नियमात तसं काही बसतं की नाही हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही. पण सुनेने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. मग तिने फोन बंद केला आणि लॅपटॉप पिशवीत घातला. उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं.

आता तेलाचं सांगितलं तर तिला काय वाटेल? सासूनं मुद्दाम केलं. दुसरं काय वाटणार! जी बाई तीन आठवडे सही करत नाही, ती परीक्षेच्या सहा दिवस आधी सुनेच्या लॅपटॉपमध्ये तेल ओतते. वस्तीत कुणालाही सांगा, कुणीही हेच म्हणेल. मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर मीसुद्धा हेच म्हटलं असतं.

बाजारातल्या मोठ्या दुकानातून ती तासाभरात परत आली. त्यांनी उघडूनही पाहिलं नव्हतं. सगळा कीबोर्ड बदलावा लागेल, नागपूरहून मागवावा लागेल, आठ दिवस लागतील. परीक्षा पाच दिवसांवर.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते माझं मलाच ठाऊक. ती इन्स्टिट्यूटचा एक तास करून यायची आणि उरलेला वेळ परीक्षेचे जुने उतारे पुढ्यात घेऊन पाटावर बोटं मारत बसायची, बटणं आहेत असं समजून. ठक ठक ठक. लाकडावर. मला तो आवाज सहन होईना. मी अंगण दोनदा झाडलं, निवडलेली तूर पुन्हा निवडली, गाईम्हशी नसलेल्या घरात मी दारातून आत-बाहेर करत राहिले. बोलायचं ठरवून तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे आणि विचारायचे, "चहा ठेवू काय?" दिवसातून आठ वेळा चहा विचारला असेल. ती मान हलवायची. तिसऱ्या वेळेपासून तर तिने मानही हलवली नाही.

स्वतःवर इतकी चिडले होते की भांडी आपटत होते. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हणाले, "पदर घे. दर्ग्याच्या रस्त्यावर तो टीव्ही दुरुस्तीवाला हाय, तो आता लॅपटॉपही पाह्यते म्हणतात. चाल."

"त्यानंही बदलाच म्हटलं तं?"

"म्हणू दे. उघडून तं पाह्यन."

दुकान लहान होतं. एक टेबल, एक दिवा, भिंतीवर सर्किटांच्या पाट्या टांगलेल्या, आणि मागे पन्नाशीतला माणूस, नाकावर घसरलेला चष्मा. पूर्वी रेडिओ, मग टीव्ही, आता हे. त्याने लॅपटॉप उघडायच्या आधी विचारलं, "पानी सांडलं? चाय?"

"नाई," सून म्हणाली.

त्याने खणातून एक सुटा कीबोर्ड काढला, मोठा, संगणकाला लावतात तसला, आणि त्याची वायर लॅपटॉपच्या कडेला खोचली. आधी लॅपटॉपवरचं आत बसलेलं बटण चिमटीने वर काढलं, मग सुट्या कीबोर्डवर के मारला. काना. पुन्हा मारला. काना.

"मशीन एकदम बराबर हाय, ताई. सेटिंग बी बराबर. निस्तं हे एक बटन. येच्यासाठी सगळा कीबोर्ड कायले बदलता?"

मी त्या सुट्या कीबोर्डकडे बघतच राहिले. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचली नव्हती. दोन दिवस ती पाटावर बोटं मारत होती, आणि असला कीबोर्ड कुणाकडूनही मागून आणता आला असता. माझ्या डोक्यात टाइपरायटर, तिथे खिळा मोडला की मशीन मोडली. तिच्या डोक्यात नवऱ्याचा लॅपटॉप, आणि दुसरं काहीच नाही.

त्याने लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, उलटा करून बॅटरीही काढून बाजूला ठेवली. मग प्लास्टिकची पातळ पट्टी बटणाच्या कोपऱ्याखाली सारली आणि हलकेच वर उचललं. टक् असा आवाज आला आणि बटणाची टोपी निघाली. खाली पांढऱ्या प्लास्टिकची कैचीसारखी बारीक चौकट, आणि तिच्या मधोमध रबराची इवलीशी वाटी. त्यावर काळपट चिखल.

त्याने दिवा जवळ ओढला. बोटाला लावलं. नाकाशी नेलं.

"हे तं तेल हाय," तो म्हणाला. "शिलाई मशीनचं. कोनं टाकलं?"

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक होतं, आमच्याच वस्तीतला माणूस, मोबाईल घेऊन बसलेला. त्याने मान वर केली. मला वाटलं, आता सांगावंच लागेल, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीत होईल. मी श्वास घेतला.

"मी टाकलं," सून म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या उघड्या बटणाकडे बघत होती.

"ताई, शिकल्या-सवरल्या दिसता तुमी! शिलाई मशीन हाय का हे? तेल टाकलं की धूळ धरून ठेवते ते. रबर बी सडवते." तो चांगलाच तापला. "येच्यात काहीच नाई टाकत. तेल नाई, पानी नाई."

"चुकलं माह्यं," ती म्हणाली.

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. मी माझ्या पदराचं टोक पिळत उभी राहिले. मोबाईलवाल्या माणसाने पुन्हा मान खाली घातली, त्याचा त्यातला रस संपला होता.

पुढचा अर्धा तास तो बोलत-बोलत काम करत होता. पांढरी चौकट चिमट्याने सोडवली, रबराची वाटी उचलली. चौकट आणि टोपी साबणाच्या पाण्यात टाकली. खालच्या जागेसाठी कापसाची काडी घेतली, ती स्पिरिटसारख्या एका द्रावात बुडवली, बाटलीच्या तोंडावर निथळू दिली आणि मगच आत फिरवली. सरळ ओतायचं नाही, ते खाली पसरतं, असं तो म्हणाला. एक काडी काळी झाली, दुसरी, तिसरी. सहावी स्वच्छ निघाली. मग वाळू दिलं. मग बॅटरी लावून लॅपटॉप सुरू केला आणि पेन्सिलच्या मागच्या रबराने त्या उघड्या जागेवर हलकेच दाबलं. काना उमटला.

"खालचं जिंदा हाय," तो म्हणाला. "इथं नसता आला, तं खालची वायरची पट्टी निघाली का पाह्यलं असतं. ते बी बराबर असतं, मंग बदला म्हटलं असतं. पहिलेच कायले बदलाचं?"

पण रबराची वाटी मेली होती. ती दाबली की तशीच बसून राहायची, उसळत नव्हती. त्याने सुनेला विचारलं, "कोनतं बटन तुमाले लागत नाई?"

तिने बोट दाखवलं, उजव्या कडेचं, माउसच्या उजव्या टिचकीचं काम करणारं. आकार सारखाच होता. त्याने पुन्हा सगळं बंद करून त्याखालची वाटी काढली, कडेला गोंदाचा बारीक ठिपका देऊन कान्याखाली बसवली, वर चौकट अडकवली आणि टोपी अंगठ्याने दाबली. टक्.

"दुसऱ्या बटनाले काना नाई का देता येत?" मीच विचारलं. इतका वेळ गप्प बसले होते, काहीतरी बोलायला हवं होतं.

"देता येते, मावशी. त्याचा सॉफ्टवेअर येते. पन ताईची बोटं इथं बसलेली हायत ना? परीक्षेत काना तिथं कसा भेटन ताईले?"

तो बरोबर बोलत होता. आणि हे त्याने मला शिकवावं, बत्तीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईला, याचा मला राग आला नाही. त्या दिवशी राग यायला माझ्याकडे स्वतःशिवाय कुणी नव्हतं. आम्ही निघताना त्याने तो सुटा कीबोर्डही आमच्या पिशवीत घातला. म्हणाला, गोंद सुकेपर्यंत आजचा दिवस ह्याच्यावर करा, परीक्षेत असलाच राहतो, झाल्यावर आणून द्या. लॅपटॉपचं बटण चार-सहा महिने चालेल, मग मात्र खरंच बदलावं लागेल.

रस्त्याने आम्ही चालत निघालो. ती पुढे, मी मागे. ऊन उतरलं होतं, गल्लीत मळणीयंत्राचा आवाज चालूच होता आणि हवेत भुसा. मी चार पावलं झपाझप टाकून तिला गाठलं.

"तुले माहीत होतं?"

"काय?"

"तेलाचं."

"हो ना. दुसऱ्याच दिवशी. बटनाले बोट लावलं तं वास आला. घरात शिलाई मशीन तुमीच चालवता."

"मंग बोलली काहून नाई?"

ती थांबली. लॅपटॉपची पिशवी तिने एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मले वाटलं तुमी मुद्दाम केलं," ती म्हणाली. "खोटं कायले सांगू. दोन दिवस मले तेच वाटून राह्यलं होतं. भाऊजीचा फोन आला तवा तं पक्कंच वाटलं. रात्री माहेरी फोन लावाले घेतला होता मी. बॅग बी काढली होती."

दोन दिवस, दिवसातून आठ वेळा चहा विचारणाऱ्या बाईकडे ती कशी बघत असेल, हे मला आता कळत होतं.

"मंग दुकानात खोटं काहून बोलली माह्यासाठी?"

"त्यानं बटन काढलं नं आई, मी पाहत होतो. निस्तं त्या एकाच बटनात तेल होतं. बाजूच्या बटनाले थेंब बी नाई लागलेला. त्याच्या खाली एवढुसा थेंब." तिने नखाच्या टोकावर तो थेंब दाखवला. "ज्याले खराब करायचं असते तो असा मोजून टाकत नाई. आन तेई त्याच बटनात, जे बिघडलेलं होतं."

मला रडू आलं. भर रस्त्यात, दोन्ही हातांत काही नसताना, चेहरा कुठे लपवावा ते कळेना. सरांनी बोटांवर पट्टी मारून शिकवलेला तो एक थेंब, त्याने लॅपटॉप खराब केला, आणि तोच माझ्या बाजूने बोलला. पण रडू त्याचं नव्हतं. माझ्या घरात माझ्यासोबत जेवणाऱ्या पोरीला माझी नियत ओळखायला रबराच्या वाटीवरचा चिखल तपासावा लागला, आणि तिचं काही चुकलेलंही नव्हतं.

घरी आल्यावर तिने सुटा कीबोर्ड जोडला, पाटावर नीट बसली आणि घड्याळ माझ्याकडे दिलं. दहा मिनिटं मोजायची होती, उतारा मी वाचून दाखवायचा होता. ती बोटं बटणांवर ठेवून थांबली.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"मी पास व्हावं असं तुमाले खरंच वाटते?"

असा प्रश्न मला कुणी कधी केला नव्हता. पटकन हो म्हणता आलं असतं. ती माझ्याकडे बघत होती, त्याच डोळ्यांनी, फोन आला तेव्हा पाहिलं होतं तसं, फक्त या वेळी तिने नजर काढून घेतली नाही.

"पहिले नाई वाटत होतं," मी म्हणाले. "सही केली तवाही नाई वाटलं. लोक काय म्हनतीन म्हून केली सही. तू पाटावर बोटं मारत बसली ना दोन दिवस, तवापासून वाटते."

तिने मान हलवली. रागावली नाही, हसलीही नाही. इतक्या महिन्यांत आम्हा दोघींमध्ये बोललं गेलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते काही गोड नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "वाचा मंग. हळू नका वाचू माह्यासाठी."

मी चष्मा लावला, घड्याळाचा सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहिली आणि माझ्या पूर्ण वेगाने वाचायला सुरुवात केली.